दोन्ही दिवे विझलेले

२०२४ साल. मी एक्काहत्तर वर्षांचा होतो, आणि माझी पेटी खोटं बोलत नाही हे एचएसआर लेआउटमधल्या निम्म्या वॉचमनांना मीच शिकवलेलं होतं.

पेटी म्हणजे पाण्याच्या मोटरची पेटी. इमारतीखाली जमिनीत एक टाकी, तिला इथं सगळे संप म्हणतात. गच्चीवर दुसरी टाकी. मोटर खालचं पाणी वर चढवते. वरचं पाणी संपत आलं की मोटर आपोआप सुरू व्हावी आणि टाकी भरली की आपोआप थांबावी, एवढंच त्या पेटीचं काम. बाजारात तयार मिळतात आता, पण मी अजून हातानं करतो. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही कन्नडमधली. मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं. आमची माणसं या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते विचारू नका, आमच्या घरात पुण्याचं कुणी आलं की पहिला अर्धा तास मी तेच सांगतो असं आमची मंडळी म्हणते. चिकपेटच्या मागच्या गल्लीत रेडिओच्या दुकानात लागलो, तिथल्या मालकानं डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकवलं, पुढं चिपा आल्या तेव्हा त्याही त्यानंच समजावल्या. कॉलेजात गेलेल्या पोरांना जे चार वर्षांत शिकवतात ते मला त्यानं एका पावसाळ्यात शिकवलं, असं मी कितीतरी लोकांना ऐकवलेलं आहे. ते सगळं शिकवलं होतं की नाही, हेच या लिहिण्यात आहे.

पेटीत काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

समजा टाकी अर्धी आहे. मोटर चालू पाहिजे की बंद? पाण्याकडे बघून सांगता येत नाही. पाणी चढत असेल तर चालू पाहिजे, उतरत असेल तर बंद. तीच अर्धी टाकी, दोन उत्तरं. म्हणजे मागं काय झालं ते पेटीला लक्षात ठेवावं लागतं. शेवटची हाक कुठली होती, ‘पाणी हवं’ की ‘पाणी पुरे’, एवढी एकच गोष्ट.

ती लक्षात ठेवायला दोन गेटं लागतात. गेट म्हणजे चिपच्या पोटातला एक तुकडा. मी वापरतो त्या जातीच्या गेटाला दोन कान आणि एक तोंड. त्याचा स्वभाव असा की कुठल्याही एका कानात हाक आली की तोंड बंद. दोन्ही कान शांत असतील तेव्हाच ते बोलतं. आता असे दोघं समोरासमोर बसवायचे, आणि याचं तोंड त्याच्या एका कानाला, त्याचं तोंड याच्या एका कानाला जोडायचं. एक बोलायला लागला की दुसऱ्याच्या कानात आवाज जातो, म्हणून दुसरा गप्प. दुसरा गप्प, म्हणून पहिल्याचा कान शांत, म्हणून पहिला बोलतच राहतो. एकमेकांना धरून बसतात. बाहेरून कुणी काही सांगितलं नाही तर वीज असेपर्यंत तसेच बसतील.

दोघांचा एकेक कान मोकळा राहतो, तो बाहेरच्या हाकेसाठी. मोटर चालवणाऱ्याला मी हिरवा दिवा देतो, थांबवणाऱ्याला लाल. ‘पाणी हवं’ ही हाक लालच्या कानात जाते. लाल गप्प होतो, म्हणून हिरवा बोलतो, मोटर चालू. पाणी स्वल्प वर चढलं की ती हाक थांबते, पण हिरवा बोलतच राहतो, कारण लालला त्यानंच गप्प धरलेलं असतं. टाकी भरली की ‘पाणी पुरे’ ही हाक हिरव्याच्या कानात. तो गप्प, लाल बोलायला लागतो, मोटर बंद.

एक बोलेल तेव्हा दुसरा गप्प. म्हणजे दोन दिव्यांतला एक कायम पेटलेला. यावरून मी वॉचमनांसाठी एक नियम केला होता, आणि पेटी बसवली की तो पाठ करून घ्यायचो. हिरवा पेटला, मोटर चालू. लाल पेटला, टाकी भरलेली. दोन्ही विझले म्हणजे पेटीचा फ्यूज गेला, पेटीवर विसंबू नको, बाजूचा खटका ‘हँड’वर टाक आणि मोटर हातानं चालव.

नियमाचा मला अभिमान होता. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असा नियम.

ज्या इमारतीची ही गोष्ट, तिथला वॉचमन यादगीरकडचा. तिशीतला असेल. बायको तिथल्याच चार घरी भांडी घासायची, संपाशेजारच्या खोलीत दोघं आणि एक लहान मुलगी राहायची. मी त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचो, तो मला अज्जा, म्हणजे आजोबा. बोलणं अर्थातच कन्नडमध्ये, इथं मी ते मराठीत लिहितोय. उन्हाळा होता, बोअर आटलेल्या, सगळी इमारत टँकरवर. अशात त्याचा फोन आला.

“अज्जा, मोटर सारखी सुरू होते, बंद होते. खोकल्यासारखं करते.”

“माणसं पाणी वापरत असतील.”

“दुपारी कोण वापरणार? सगळे ऑफिसात.”

“तम्मा, तू वॉचमन आहेस की इंजिनियर?”

तो हसला. “सरी अज्जा,” म्हणाला आणि फोन ठेवला. मी गेलो नाही. खरं कारण वेगळं होतं. गच्चीवर टाकीला लावलेली लोखंडी शिडी उभीच्या उभी आहे, आणि माझे गुडघे त्या शिडीवर चढत नाहीत. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी टाकीत सोडलेल्या, पाणी कुठवर आलंय ते पेटीला कळवणाऱ्या सळया आणि त्यांचे नट बघायचे असतात. मागच्या दोन वेळा मी गच्चीवर गेलो, खालूनच टाकीकडे मान वर करून पाहिलं आणि खाली येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सेक्रेटरीचा फोन. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आमच्यासारखेच जुन्या मराठी घरातले, मला अण्णा म्हणतात. पहाटे मोटर जळली होती. टँकरनं भरलेला सगळा संप रिकामा. पाणी भरलेल्या टाकीत चढत राहिलं आणि वरच्या पाइपातून मागच्या गटारात वाहून गेलं, संप आटल्यावर मोटर कोरडी फिरली आणि गेली. खटका ‘हँड’वर होता. वरच्या टाकीतलं पाणी लवकर उठलेल्यांनीच संपवलं होतं.

मी पोचलो तेव्हा पंपाच्या खोलीसमोर सात-आठ जण उभे होते. आंघोळ न झालेले, वैतागलेले. वॉचमन भिंतीला टेकून उभा.

“अण्णा, तुम्हीच विचारा याला,” सेक्रेटरी म्हणाले.

“खटका का फिरवलास?”

“दोन्ही दिवे विझले होते, अज्जा. तुम्हीच सांगितलेलं.”

मी पेटीकडे पाहिलं. खटका कुणीतरी परत आपोआपवर टाकला होता आणि हिरवा दिवा झकास पेटलेला. टाकी रिकामी, पेटी पाणी मागतेय, अगदी बरोबर. फ्यूज उघडून पाहिला, शाबूत. नवा नव्हे, जुनाच, माझ्या हातचा.

“फ्यूज ठीक आहे. मग दिवे विझतील कसे?”

“विझले होते. मी डोळ्यानं पाहिलं.”

मग मी ते केलं जे मी नेहमी करतो. टाकीकडून येणाऱ्या वायरी बाजूला काढल्या. डावा हात पँटच्या खिशात घातला. ही माझी शिस्त आहे, मालकानं कानफटात मारून लावलेली. पॅनेल उघडं असताना एकच हात आत, दुसरा खिशात, म्हणजे वीज छातीतून जात नाही. उजव्या हातानं एक वायर घेऊन ‘हवं’च्या पिनेला लावली. हिरवा. काढली, हिरवाच राहिला. ‘पुरे’च्या पिनेला लावली. लाल. काढली, लालच. पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. लोक बघत होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

“बघा,” मी म्हणालो. “एक ना एक पेटतोच. दोन्ही विझायला एकतर वीज जायला पाहिजे नाहीतर फ्यूज. वीज गेली असती तर मोटर चालली नसती. फ्यूज शाबूत आहे. पेटी खोटं बोलत नाही. झोपेत खटका फिरवला असेल यानं, आणि आता माझा नियम पुढं करतोय.”

वॉचमनची बायको खोलीच्या दारात उभी होती. फ्यूजचं तिला कळत नव्हतं, पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि मुलीला आत ओढून घेतलं.

सेक्रेटरींनी तिथंच निर्णय सांगितला. एजन्सीला कळवतो, रविवारी खोली रिकामी करायची. मला वाटलं होतं वॉचमन चिडेल, शिव्या देईल. तो फक्त इतकं म्हणाला, “अज्जा, मी झोपलो नव्हतो.”

जिन्यापाशी एका मुलीनं मला थांबवलं. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, पण मला सगळ्या मुलीच. पुण्याची, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. हातात रिकामी बादली.

“काका, एक विचारू? आतमध्ये साधं एसआर लॅच आहे ना? दोन नॉर गेट्स?”

“दोन गेटं आहेत. नाव तुम्ही ठेवा काय ते.”

“मग तुम्ही तीनच केसेस टेस्ट केल्या. फक्त हवं, फक्त पुरे, आणि दोन्ही नाही. चौथी राहिली. दोन्ही एकदम.”

मी हसलो. “टाकी एकाच वेळी रिकामी आणि भरलेली कशी असेल हो? पुण्यात असतात का तशा टाक्या?”

“टाकी नसेल,” ती म्हणाली, “पण वायरी टाकी नसतात ना, काका. पेटीला टाकी दिसत नाही, वायरीच दिसतात. एखादी तुटली तर? आम्हाला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सांगतात, ही इनपुट द्यायची नाही. फॉरबिडन. दिलीत तर दोन्ही आउटपुट एकसारखे होतात. तो वॉचमन म्हणतोय ते अगदी...”

“अक्का,” मी म्हणालो, आणि ते आदरानं म्हटलेलं नव्हतं, “मी या पेट्या करतोय तेव्हा तुम्ही जन्माला आला नव्हता.”

“मान्य. मग दोन्ही लावून दाखवा ना एकदा. दोनच मिनिटं.”

“दोन हात पॅनेलात घालणारा घरी जात नाही. तुमच्या चिपांना हात लावावा लागत नाही, म्हणून सुचतं असं.”

“अहो, पाच-बारा व्होल्ट असेल तिथं.”

“तुम्ही शिकलेल्या आहात, शिकवू नका,” असं काहीतरी मी बोललो. वाक्य नीट जुळलं नाही हे मला तेव्हाच कळलं. ती बादली घेऊन वर गेली. मला वाटलं, जिंकलो.

रिक्षात बसल्यावर ते शब्द डोक्यात फिरायला लागले. वायरी टाकी नसतात. आणि त्याच्या मागोमाग, मोटर खोकल्यासारखं करते.

घरी गेलो, जेवलो, झोपलो. दुसरा दिवसही असाच काढला. शनिवारी दुपारी मात्र राहवेना. माझ्या टेबलावर तशीच एक नवी पेटी तयार पडली होती, होसकोट्याच्या एका कारखान्यासाठी केलेली. तिला वीज दिली. आमची मंडळी खिडकीशी शेंगा सोलत बसली होती.

“आज रविवार नाही ना? सुट्टीच्या दिवशी पेटी उघडत नाही म्हणता,” ती म्हणाली.

“शनिवार आहे.”

“मग तोंड असं का?”

डावा हात सवयीनं खिशात गेलेला होता. तो तिथंच होता बराच वेळ. माणूस स्वतःच्या हाताला किती घाबरतो ते त्या दिवशी मला कळलं. बारा व्होल्ट आहे हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पॅनेलात दोनशे तीस व्होल्ट असतात म्हणून ती शिस्त, टेबलावर नव्हेच. मी तो हात बाहेर काढला, दुसरी वायर धरली, आणि एक ‘हवं’ला, एक ‘पुरे’ला, दोन्ही एकदम टेकवल्या.

दोन्ही दिवे विझले.

फ्यूज शाबूत. वीज चालू. आणि दोन्ही दिवे विझलेले.

विझणारच होते. मीच तर सांगत आलो होतो, कुठल्याही एका कानात हाक आली की तोंड बंद. इथं दोघांच्याही कानात हाक. दोघंही गप्प. यात न कळण्यासारखं काय होतं? इतकी वर्षं ही दोन माणसं मी लोकांना समजावली, आणि दोघांना एकदम हाक मारली तर काय होईल हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. कारण टाकी तसं करणार नाही. कारण माझा एक हात खिशात.

मग वाईट म्हणजे किती वाईट ते बघावं म्हणून दोन्ही वायरी एकदम उचलल्या. लाल पेटला. पुन्हा केलं, लाल. पुन्हा केलं, हिरवा. म्हटलं माझे हात मागंपुढं होत असतील. दोन्ही वायरी एका खटक्यावर आणल्या, म्हणजे दोन्ही हाका एकाच क्षणी थांबतील. बऱ्याचदा लाल यायचा. चिप बदलली, तर बऱ्याचदा हिरवा. दोघांचे कान एकाच क्षणी मोकळे होतात, दोघं एकाच वेळी तोंड उघडतात, एकमेकांचा आवाज ऐकून दोघंही आवरायला लागतात, आणि जो केसभर चपळ तो टिकतो. कोण चपळ ते चिप बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणजे माझी पेटी त्या क्षणानंतर काय लक्षात ठेवेल, हे मलाही सांगता येत नव्हतं. कॉलेजात मनाई का करतात ते मला सत्तरी उलटल्यावर, घरच्या टेबलावर, शेंगांच्या टरफलांच्या आवाजात कळलं.

“काय झालं?” मंडळी म्हणाली.

“दोन्ही विझतात.”

“काय दोन्ही?”

मी सगळं सांगितलं. वॉचमनचं, मुलीचं, मी काय बोललो ते. तिनं सोलणं थांबवलं नाही.

“म्हणजे तो खरं बोलत होता.”

“दिसतंय तसं.”

“दिसतंय काय? तुमच्या टेबलावर तर आहे. मग जाऊन सांगा.”

गेलो. हे मला लिहायला सगळ्यात जड जातंय, पण गेलो ते खरं. संध्याकाळी सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत बसवलं, त्यांच्या सुनेनं कॉफी आणली. घरात दोन पाहुणे होते.

“हे आमचे अण्णा,” सेक्रेटरी पाहुण्यांना म्हणाले. “जुन्या मराठ्यांपैकी. शाळा नाही, पण हात बघा. यांची पेटी होती म्हणून त्या पोराचं खोटं उघडं पडलं. मशीन खोटं बोलत नाही, काय अण्णा?”

मी कॉफी प्यालो. घोट घेतला की बोलू, असं म्हणत कप रिकामा केला. एका पाहुण्यानं विचारलं, त्याच्या भावाच्या इमारतीत बसवाल का एक? मी म्हणालो, बघू. मग उठलो आणि खाली आलो.

संपाशेजारच्या खोलीबाहेर दोन गोणपाटं बांधून ठेवलेली होती, वर मुलीची प्लास्टिकची सायकल. वॉचमन नळ नसलेल्या मोरीत बादलीभर पाण्यानं भांडी धूत होता. मला बघून उठला, हात पुसले.

“अज्जा, बसा ना.”

“कुठं जाणार तुम्ही?”

“गावाला. तिथं तरी पाणी कुठं आहे म्हणा.” तो हसला. “एजन्सीवाला म्हणतो, असं झाल्यावर दुसरीकडे लावणार नाही.”

मी उभाच राहिलो. त्यानं आतून खुर्ची आणली, माझ्यासमोर ठेवली. मी बसलो नाही. माझ्या तोंडात शब्द आले आणि तिथंच राहिले. त्या दोन गेटांसारखं झालं होतं माझं, सांगायचं आणि नाही सांगायचं, दोन्ही हाका एकदम, आणि तोंड बंद. मी “येतो” म्हणालो आणि रिक्षा पकडली. घरी मंडळीनं विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, पाहुणे होते. तिनं माझं ताट वाढलं आणि त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी उजाडायच्या आत आंघोळ केली. टेबलावरची पेटी पिशवीत घातली, बरोबर डाग द्यायची इस्त्री, पाना, पॉलिश कागद. इमारतीत पोचलो तेव्हा भाड्याचा टेंपो अजून आला नव्हता. सेक्रेटरींकडे गेलो नाही. तिथं गेलो असतो तर परत कॉफी मिळाली असती. आधी खोलीचं दार वाजवलं.

“तम्मा, गच्चीवर चल. माझ्याच्यानं शिडी चढवत नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “आधी चढायचात ना?”

“दोन वेळा चढलो नाही. खोटं सांगितलं.”

त्यानं दार ओढून घेतलं. वर गेलो. तो शिडी चढला, मी खाली उभा राहून सांगत होतो. तीन सळया आहेत, मधल्या सळईचा नट बघ. त्यानं नट सोडवला. वायरीचं प्लास्टिक वरून धडधाकट होतं, पण नटाखालचं तांबं हिरवं पडून गळून गेलेलं. त्यानं ते टोक मला वरून दाखवलं. मधली सळई पाण्यात असो की नसो, पेटीला कोरडीच वाटत होती. म्हणजे ‘पाणी हवं’ ही हाक थांबतच नव्हती. टाकी काठोकाठ भरली की वरची सळई ‘पाणी पुरे’ म्हणायची, आणि खालून ‘हवं’ चालूच. दोन्ही कानांत हाक, दोन्ही दिवे विझलेले, मोटर बंद. एखादी बादली पाणी खर्चलं की वरची हाक थांबायची, एकटी ‘हवं’ उरायची, मोटर सुरू. परत भरली, परत बंद. हाच तो खोकला.

“मग त्या पहाटे टाकी भरलेली होती?” तो शिडीवरूनच म्हणाला.

“काठोकाठ. आणि तू माझा नियम पाळलास.”

तो खाली उतरला. पायरी-पायरीनं, सावकाश. मग म्हणाला, “हे तुम्ही मला सांगून काय उपयोग, अज्जा?”

खरं होतं. खाली आलो. मी तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली, पुण्याच्या मुलीला म्हणालो, तुमची चौथी केस बघायला या. मग सेक्रेटरींना बोलावलं, आणि ज्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं त्यांतले जे घरी होते त्यांनाही. रविवार असल्यामुळे बरेच होते. सेक्रेटरींचे कालचे पाहुणेही आले, चहाचे कप घेऊन.

पिशवीतली पेटी मी पायरीवर ठेवली, वीज दिली आणि दोन्ही वायरी वॉचमनच्या हातात दिल्या. एक या पिनेला, एक त्या, दोन्ही एकदम.

त्यानं लावल्या. हिरवा विझला, लाल विझला. कुणीतरी म्हणालं, फ्यूज गेला. मी म्हणालो, मलाही तसंच वाटलं असतं. मग त्यानं एक वायर उचलली, एक दिवा पेटला.

“त्यानं हेच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “पाहिलं ते सांगितलं. खोटं मी बोललो, आणि नियमही माझाच चुकीचा. मोटर माझ्यामुळे जळली.”

सेक्रेटरींनी पेटीवरची नजर माझ्याकडे वळवली. “अण्णा, काल संध्याकाळी तुम्ही आला होता,” ते म्हणाले.

“आलो होतो.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं. ते थोडे बाजूला गेले, फोन काढला आणि एजन्सीच्या माणसाला म्हणाले की नवा वॉचमन पाठवू नका, आणि आमच्याकडचा जातोय असं कुणाला सांगितलं असेल तर तेही मागं घ्या.

पुण्याच्या मुलीनं चिपकडे वाकून पाहिलं. “काका, यात चार गेट्स असतात ना? बाकीची दोन?”

“रिकामी. कान जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधून ठेवलेत.”

“तीच वापरा. ‘पुरे’ असेल तेव्हा ‘हवं’ आतच येऊ द्यायचं नाही. एकानं ‘हवं’ उलटवा, दुसऱ्यात ते आणि ‘पुरे’ दोन्ही घाला. मग दोन्ही आल्या तरी पुरेच जिंकेल, लाल पेटेल.”

मी डोक्यात मांडून पाहिलं. बरोबर होतं. इतकी वर्षं औषध त्याच चिपमध्ये पडून होतं, आणि मीच त्याचे कान बांधून ठेवले होते.

“कागदावर काढून द्याल?” मी तिला म्हणालो. अशी विनंती मी कुणाला केल्याचं मला आठवत नाही. ती वर पेन आणायला गेली.

वॉचमनची बायको गोणपाटाची गाठ सोडत होती, अजून विश्वास न बसल्यासारखी, एकेक. तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता बोलेल काहीतरी, आणि मी ऐकायला तयार होतो.

“दोन्ही विझले तर आता काय करायचं?” त्यानं विचारलं.

“गच्चीवर जायचं. झाकण उघडून पाणी बघायचं. मग मला फोन.”

“आणि तुम्ही याल?”

“येईन. शिडीवर तू चढायचं.”

त्यानं मान हलवली. मी पंपाच्या खोलीतली पेटी उघडली, वीज तोडली, आणि पायरीवर बसून मोकळ्या दोन गेटांच्या कानांवरचे डाग इस्त्रीनं सोडवायला लागलो.